पाच आकडे, छत्तीस घरे आणि एकच समुद्र : नुरिकाबेचे एक कोडे सोडवताना

मे महिन्याच्या २८ तारखेला माझ्या धाकट्या भावाने एका कागदावर सहा बाय सहाची चौकट आखून माझ्या हातात दिली. छत्तीस घरांपैकी फक्त पाच घरांत आकडे होते, बाकी सगळा कागद कोरा. तो ही जपानी कोडी बरीच वर्षे सोडवतो आहे आणि आता स्वतः तयारही करतो. मी मात्र तोपर्यंत सुडोकूच्या पलीकडे गेले नव्हते. ते कोडे माझ्याकडून ८ जूनला सुटले. मधल्या दिवसांत तीन प्रती वाया गेल्या, काही संध्याकाळी नुसते कागदाकडे बघण्यात गेल्या. कोणी सुरुवातीलाच सांगितले असते तर बरे झाले असते, अशा काही गोष्टी या दिवसांत कळल्या. ज्यांच्यासमोर पहिल्यांदाच अशी कोरी चौकट आली आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

आधी नियम सांगते. नुरिकाबे हे कोडे जपानमधील निकोली या कोडी प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकात १९९१ साली पहिल्यांदा छापले गेले. रात्री वाटसरूची वाट अडवणारी एक अदृश्य भिंत जपानी लोककथांत आहे, तिच्यावरून हे नाव आले आहे. चौकटीतले प्रत्येक घर एक तर जमीन असते किंवा समुद्र. समुद्राची घरे काळी करायची आणि जमिनीची पांढरी ठेवायची. प्रत्येक आकडा हा एका बेटाचा भाग असतो आणि त्या बेटात नेमकी तेवढीच घरे असतात. एका बेटात एकच आकडा असतो आणि आकडा नसलेले बेट असूच शकत नाही. दोन बेटे एकमेकांना कडेने चिकटत नाहीत, कोपऱ्याला कोपरा लागला तर चालते. समुद्र मात्र सगळा मिळून एकच असला पाहिजे, म्हणजे कोणत्याही काळ्या घरातून निघून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जात इतर प्रत्येक काळ्या घरापर्यंत पोहोचता आले पाहिजे. शेवटचा नियम असा, की दोन बाय दोनचा संपूर्ण काळा चौकोन कुठेही तयार होता कामा नये. अशा चौकोनाला भाऊ ‘डबके’ म्हणतो आणि मीही पुढे तोच शब्द वापरते.

कोडे असे होते :

```
. . . . . .
. . २ . . .
. . . . ५ .
२ . . . . .
. . . . . .
. १ . . . १
```

घरांचा उल्लेख करताना मी आधी वरून ओळीचा आणि मग डावीकडून घराचा क्रमांक लिहिते. म्हणजे वरचा २ हा २-३ मध्ये आहे, ५ हा ३-५ मध्ये, डाव्या कडेचा २ हा ४-१ मध्ये आणि दोन १ हे ६-२ व ६-६ मध्ये आहेत.

पहिले तीन प्रयत्न मी अंदाजाने केले, आणि प्रत्येक वेळी चूक वेगळ्या प्रकारची होती. २९ मेच्या पहिल्या प्रतीत मी आकड्यांपासून सुरुवात केली. २-३ मधल्या २ ला उजवीकडे एक घर दिले, ५ ला मोकळ्या जागेत पसरवले, आणि उरलेली घरे काळी करत गेले. शेवटी बघते तो वरच्या डाव्या कोपऱ्यातली चारही घरे काळी होती. दुसऱ्या प्रतीत ४-१ मधल्या २ ला मी खाली ५-१ कडे वळवले. त्यामुळे ६-१ हे कोपऱ्यातले एकच काळे घर सगळीकडून जमिनीने वेढले गेले आणि समुद्रापासून तुटले. तिसरी प्रत मला बरोबर वाटली. सगळी छत्तीस घरे भरली होती, बेटांचे आकार बरोबर होते, समुद्रही एकच होता. मी ती १ जूनला भावाला दिली. त्याने काही न बोलता उजव्या कडेच्या ४-५, ४-६, ५-५ आणि ५-६ या चार घरांभोवती पेन्सिलीने गोल काढला. तिथे डबके होते, आणि मी ती प्रत दोनदा तपासूनही ते मला दिसले नव्हते.

त्याने एवढेच सांगितले, “ताई, तू बेटे वाढवत जातेस आणि उरेल तो समुद्र म्हणतेस. आधी समुद्राकडे बघ. कुठे डबके होऊ शकते ते शोध, आणि मग विचार, की ते मोडायला कोणते बेट येऊ शकते.”

हे वाक्य ऐकताना सोपे वाटले, पण ते अमलात आणायला मला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागली. ४ जूनपासून मी स्वतःला एक अट घातली : एकही घर अंदाजाने भरायचे नाही आणि प्रत्येक घरापुढे कारण लिहायचे. त्यासाठी चौकटीची नवी प्रत आणि शेजारी एक वही घेतली. खुणा तीनच ठेवल्या. नक्की समुद्र असेल ते घर काळे, नक्की जमीन असेल तिथे ठिपका, आणि जिथे काहीच नक्की नाही ते घर कोरे. आधीच्या तिन्ही प्रतींत ठिपका नसल्याने माझी मोठी गफलत झाली होती, कारण पांढरे घर म्हणजे ठरलेली जमीन की न ठरलेले घर, हे दहा मिनिटांनी माझे मलाच कळत नसे. हे कोडे हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ठिपक्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. दुसरी सूचना पेन्सिलीबद्दल आहे. गडद गिरवू नये, हलकी छटा द्यावी, कारण खोडलेल्या घराचा काळपटपणा राहिला तर नजर त्यालाही समुद्र समजते.

४ जूनला मी पंचवीस मिनिटे बसले. १ हा आकडा म्हणजे संपूर्ण बेट, म्हणून त्याला लागून असलेली सर्व घरे समुद्र. ६-२ मुळे ५-२, ६-१ आणि ६-३ काळी झाली. ६-६ मुळे ५-६ आणि ६-५ काळी झाली. इथपर्यंत कोणीही येईल. मग मी ६-१ कडे पाहिले. ते कोपऱ्यात आहे, त्याला शेजारी दोनच : उजवीकडे ६-२, जिथे १ आहे, आणि वर ५-१. समुद्र एकच राहायचा असेल, तर ६-१ ला बाहेर पडायला ५-१ हा एकच दरवाजा आहे, म्हणून ५-१ समुद्र. दुसऱ्या प्रतीत मी नेमका हाच दरवाजा बंद केला होता. ही गोष्ट लिहून ठेवल्यावर पुढची आपोआप दिसली. ६-१, ५-१ आणि ५-२ या तीन घरांच्या गटालाही बाहेर जायला वाट हवी. त्याच्या वर ४-१ मध्ये २ आहे, म्हणून वाट ४-२ मधून किंवा ५-३ मधून जाणार. यातले कोणते, ते त्या दिवशी ठरत नव्हते. मी वहीत ‘दोहोंपैकी किमान एक समुद्र’ एवढेच लिहिले आणि थांबले. अशी अर्धवट माहिती लिहून ठेवणे फार महत्त्वाचे ठरले, कारण ती डोक्यात धरून ठेवली की नंतर तिचे रूप बदलते आणि ‘किमान एक’चे ‘बहुधा ५-३’ होऊन बसते.

५ जूनला कोपऱ्यांकडे वळले. सहा बाय सहाच्या चौकटीत दोन बाय दोनचे एकूण पंचवीस चौकोन बसतात आणि त्या प्रत्येकात जमिनीचे निदान एक घर असलेच पाहिजे. आकड्यांची बेरीज ११, म्हणजे जमीन अवघी अकरा घरे आणि समुद्र पंचवीस घरे. जमीन इतकी कमी असताना पंचवीस चौकोन मोडायचे आहेत, म्हणून प्रत्येक घर कुठे खर्च होते याला किंमत आहे. त्यातही सगळी घरे सारखी उपयोगी नसतात. चौकटीच्या आतले घर चार चौकोनांत येते, कडेचे दोनांत आणि कोपऱ्यातले फक्त एकाच चौकोनात.

वरच्या डाव्या कोपऱ्याचा चौकोन म्हणजे १-१, १-२, २-१ आणि २-२. इथे जमीन आणू शकेल असे बेट कोणते, हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि एकेका आकड्याला विचारला. दोन्ही १ जागचे हलत नाहीत. ४-१ मधला २ फार तर ३-१ पर्यंत चढतो, तो दुसऱ्या ओळीला पोहोचत नाही. ३-५ मधल्या ५ पासून २-२ चार पावलांवर आहे, म्हणजे आकडा धरून पाच घरांत ते अंतर कसेबसे बसते. पण तिथे जाताना २-३ किंवा ३-३ मधून जावे लागते. २-३ मध्ये दुसऱ्याच बेटाचा आकडा आहे, आणि ३-३ त्याला कडेने चिकटलेले आहे. वळसा घालायला घरे उरत नाहीत. म्हणजे ५ बाद. राहिला २-३ मधला २, आणि त्याला या चौकोनातले एकच घर मिळते, ते म्हणजे २-२. म्हणून २-२ जमीन.

एवढ्या एका ठिपक्याने बेट पूर्ण झाले आणि त्याच्या भोवतीची १-२, १-३, २-१, २-४, ३-२ आणि ३-३ ही सहा घरे एकदम काळी झाली. १-१ पर्यंत कोणतेच बेट येऊ शकत नाही, म्हणून तेही काळे. पहिल्या प्रतीत मी हाच २ उजवीकडे वळवला होता, कारण तिकडे जागा मोकळी दिसत होती. मोकळ्या जागेकडे जाण्याची ही ओढ नुरिकाबेत नेहमी चुकीच्या दिशेने नेते असे नाही, पण ती कारण म्हणून वहीत लिहिता येत नाही, हे मला त्या दिवशी पटले. एकूण पस्तीस मिनिटे लागली आणि समुद्राची तेरा घरे नक्की झाली.

६ जूनला मी अडले. ४-१ मधल्या २ ला खाली जाता येत नाही, म्हणून दुसरे घर वर ३-१ किंवा उजवीकडे ४-२. दोन्ही सारखीच शक्य वाटत होती. अंदाज करायचा नाही ही अट होती, पण ‘समजा असे केले, तर पुढे काय होते’ हे वेगळ्या कागदावर बघायला हरकत नाही, असे मी ठरवले. अंदाज आणि पडताळा यांत फरक आहे. अंदाज केला की माणूस पुढे चालत राहतो आणि आपण कुठे वळलो ते विसरतो. पडताळ्यात गृहीतक सर्वांत वर लिहिलेले असते, आणि विरोध आला की सगळा कागद बाजूला ठेवून फक्त तेवढे एक गृहीतक खोडायचे असते. म्हणून पडताळ्यासाठी मूळ प्रत कधीही वापरू नये.

समजा ३-१ जमीन. मग बेट पूर्ण झाले आणि ४-२ समुद्र. आता ३-२, ३-३ आणि ४-२ काळी आहेत, म्हणून डबके टाळायला ४-३ जमीन हवी, आणि तिथे फक्त ५ पोहोचू शकतो. ३-५ पासून ४-३ तीन पावलांवर, म्हणजे आकडा धरून चार घरे गेली. वरच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोन, १-५, १-६, २-५, २-६, हाही ५ शिवाय कोणी मोडू शकत नाही, आणि त्यासाठी निदान २-५ हे एक घर लागते. पाचही घरे संपली. आता खाली ५-३, ५-४, ६-३ आणि ६-४ या चौकोनाकडे पाहिले, तर तिथे यायला कोणीच उरले नव्हते. डबके झाले. म्हणजे ३-१ चालत नाही आणि ४-२ हीच जमीन.

या सगळ्याला पन्नास मिनिटे लागली. निष्कर्ष बरोबर होता, तरी मी तो मूळ प्रतीवर लगेच उतरवला नाही, कारण काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. ७ जूनला कागद हातात घेतला नाही.

८ जूनला पडताळ्याचा कागद पुन्हा वाचताना ते सापडले. ज्या दोन चौकोनांमुळे विरोध आला होता, म्हणजे वरचा उजवा कोपरा आणि खालचा ५-३, ५-४, ६-३, ६-४ हा चौकोन, त्यांचा ३-१ च्या गृहीतकाशी काही संबंधच नव्हता. ३-१ काहीही असो, त्या दोन्ही ठिकाणी ५ लाच जायचे होते. म्हणजे मला गृहीतकाची गरज नव्हती. ५ च्या घरांचा हिशोब सरळ मांडला असता तरी पुरले असते.

तो हिशोब असा. ५ चे एक घर स्वतः ३-५. वरच्या कोपऱ्यासाठी सर्वांत स्वस्त घर २-५, त्याला एक घर लागते; २-६ वर ३-६ मार्गे गेले तर दोन लागतात. खालच्या चौकोनात ६-३ आधीच समुद्र आहे. उरलेल्या तिघांपैकी ५-४ हे ३-५ पासून तीन पावलांवर आहे, तर ५-३ आणि ६-४ प्रत्येकी चार पावलांवर. एक अधिक एक अधिक तीन म्हणजे बरोबर पाच. याहून कुठेही एक घर जास्त लागले तर बेट पुरत नाही. म्हणून २-५ जमीन आणि ५-४ जमीन, दोन्ही नक्की; आणि मधल्या दोन घरांनी ३-५ आणि ५-४ यांना सर्वांत जवळच्या वाटेनेच जोडले पाहिजे. अशा कोणत्याही वाटेवर ४-३ येत नाही. म्हणजे ३-२, ३-३, ४-२, ४-३ हा चौकोन मोडायला ५ येणार नाही, आणि ते काम ४-२ नेच करायला हवे. सहा तारखेला पन्नास मिनिटांत जिथे पोहोचले होते, तिथे मी पाच मिनिटांत पोहोचले, आणि शिवाय दोन नवे ठिपके हाती आले.

मोठ्या आकड्याकडे बघायची ही पद्धत मला या कोड्याने शिकवली. पूर्वी ५ म्हणजे ‘पसरायला भरपूर जागा’ असे वाटत असे. आता मी आधी बघते, की त्याच्याशिवाय कोणी मोडू शकणार नाही असे चौकोन किती आहेत, आणि त्या सगळ्यांपर्यंत जायला कमीत कमी किती घरे लागतात. हा आकडा बेटाच्या आकड्याइतकाच आला, तर बेट जवळजवळ ठरले. तो कमी आला, तर बेटाकडे मोकळी घरे आहेत आणि इतर बाजूंनी माहिती आणावी लागते. जास्त आला, तर आधी कुठेतरी चूक झाली आहे.

४-२ वर ठिपका पडताच ३-१ आणि ४-३ काळी झाली. चार तारखेची अर्धवट नोंद इथे उपयोगी पडली : ६-१, ५-१, ५-२ या गटाची वाट ४-२ मधून किंवा ५-३ मधून. ४-२ आता जमीन आहे, म्हणून ५-३ समुद्र.

उरल्या ३-५ पासून ५-४ पर्यंतच्या तीन वाटा. पहिली ३-४ आणि ४-४ मधून. दुसरी ४-५ आणि ५-५ मधून. तिसरी ४-५ आणि ४-४ मधून. मी तिन्ही तपासल्या. पहिली वाट घेतली तर ४-५, ५-५, ४-६ आणि ५-६ ही चारही घरे समुद्र होतात. हे पाहताच मी थबकले, कारण १ जूनला भावाने गोल काढलेली चार घरे नेमकी हीच होती. दुसरी वाट घेतली तर ३-४ आणि ४-४ समुद्र होतात, आणि त्यांच्या डावीकडे ३-३ व ४-३ आधीच काळी आहेत, म्हणजे चौकटीच्या ऐन मध्यावर डबके. तिसरी वाट दोन्ही चौकोन मोडते, आणि तीच राहते. अर्ध्या तासात कोडे पुरे झाले.

```
■ ■ ■ ■ ■ ■
■ · २ ■ · ■
■ ■ ■ ■ ५ ■
२ · ■ · · ■
■ ■ ■ · ■ ■
■ १ ■ ■ ■ १
```

भावाला दाखवण्याआधी मी या वेळी तपासणी तीन वेगळ्या फेऱ्यांत केली, कारण तिसरी प्रत ‘नीट बघून’ दिली होती आणि तरी चुकली होती. पहिल्या फेरीत फक्त मोजणी : जमीन अकरा, समुद्र पंचवीस. दुसऱ्या फेरीत फक्त डबकी. दोन बाय दोन घरांएवढी खिडकी कापलेला एक जाड कागद मी चौकटीवर डावीकडून उजवीकडे एकेक घर सरकवत नेला, पाच ओळींत पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी खिडकीत ठिपका किंवा आकडा दिसतो का एवढेच बघितले. नजर संपूर्ण चौकटीवर असताना काळ्या घरांचा पट्टा जाड झालेला लक्षात येत नाही. खिडकीतून तो लपत नाही. तिसऱ्या फेरीत समुद्र. ६-१ वर बोट ठेवून निघाले : ५-१, ५-२, ५-३, तिथून वर ४-३ आणि ३-३, मग डाव्या बाजूने वर जाऊन पहिली ओळ, उजवी कड उतरून ५-६, ५-५, ६-५, ६-४, ६-३ आणि परत ५-३. मधली २-४ आणि ३-४ या वाटेला लागूनच आहेत. बोट न उचलता पंचविसाव्या घरापर्यंत पोहोचता आले.

इथे मला एक शंका आली होती, ती नवीन सोडवणाऱ्यालाही येईल. समुद्राने ५ च्या बेटाभोवती पूर्ण कडे केले आहे, आणि वरच्या २ भोवतीही. ते चालते का? चालते. समुद्र एकसंध असावा एवढाच नियम आहे, त्याने वळसा घालून स्वतःला भेटू नये असा नियम नाही.

मी वहीत लावलेल्या वेळेप्रमाणे चार बैठकांत मिळून दोन तास वीस मिनिटे लागली. सहा बाय सहासाठी हा वेळ जास्त आहे. सरावलेला माणूस हेच कोडे काही मिनिटांत सोडवतो.

त्यानंतर १२ जूनला मी दहा बाय दहाचे एक कोडे घेतले आणि ते ३० जूनला पुरे झाले. त्याचा सगळा तपशील लिहीत नाही, कारण पद्धत तीच होती, फक्त चौकोन पंचविसाच्या जागी एक्याऐंशी होते. त्यात एक अडचण मात्र नवी आली, ती सांगितली पाहिजे. सतरा तारखेच्या सुमारास सगळे सुरळीत चाललेले असताना माझा समुद्र दोन तुकड्यांत फुटला, आणि तो कुठे फुटला ते शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. बेटे कोपऱ्याला कोपरा लावून राहू शकतात, म्हणून तिरक्या जोडणीकडे मी लक्षच दिले नव्हते. पण समुद्राला तिरके जाता येत नाही. तिरकी जोडलेली बेटे त्याच्यासाठी सलग भिंतच असतात, आणि अशी भिंत एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेला टेकली, की तिच्या दोन बाजूंचे पाणी कायमचे वेगळे होते.

हे छोट्या कोड्यातही होते, फक्त मी ते वेगळ्या नावाने ओळखले होते. ५-३ जर जमीन असते, तर ४-१ आणि ४-२ हे डाव्या कडेपासून, त्याला तिरके ५-३, त्याला तिरके खालच्या कडेचे ६-२, अशी भिंत उभी राहिली असती आणि कोपऱ्यातली तीन घरे तिच्या मागे अडकली असती. तेव्हापासून मोठ्या चौकटीत मी प्रत्येक नव्या ठिपक्यानंतर बघते, की तो तिरका कशाला लागला आणि त्या साखळीची दोन्ही टोके कडांना पोहोचली का. पोहोचायला एकच घर कमी असेल, तर ते घर समुद्र आहे हे तिथल्या तिथे लिहिता येते. हिशोब करावा लागत नाही. मोठ्या कोड्यात जिथे अंदाजाचा मोह सर्वांत जास्त होतो, तिथे हीच खूण बहुतेक वेळा पुढची वाट दाखवते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी भावाचे तेच सहा बाय सहाचे कोडे थोडे अवघड करून बघायचे ठरवले. ६-६ मधला १ मला वाया गेल्यासारखा वाटत होता. तो कोपऱ्यात आहे, म्हणून एकच चौकोन मोडतो, आणि सुरुवातीला दोन काळी घरे फुकट देतो. तो काढून टाकला तर सोडवणाऱ्याला जास्त विचार करावा लागेल, असे वाटले. मी तो खोडला आणि कोडे पुन्हा पहिल्यापासून सोडवायला घेतले.

वरचा डावा कोपरा पूर्वीसारखाच सुटला. मग ५ चा हिशोब मांडला. वरच्या उजव्या कोपऱ्यासाठी २-५, खालच्या चौकोनासाठी ५-४, आणि आता खालचा उजवा कोपरा, ५-५, ५-६, ६-५, ६-६, हाही त्याच्याच माथी आला होता, कारण तिथे दुसरे कोणतेच बेट पोहोचत नाही. पाच घरांत हे तिन्ही साधायचे तर ४-५ आणि ५-५ ची वाट घ्यावी लागते. पण त्या वाटेने ३-३, ३-४, ४-३, ४-४ हे मधले डबके उघडे राहते. ते मोडायला ४-४ घेतले तर खालचा कोपरा उघडा राहतो. मी दोन्ही बाजूंनी पुन्हा तपासले. त्या १ शिवाय या कोड्याला उत्तरच नव्हते.

भावाला विचारले, तर तो म्हणाला, की त्याने तो आकडा सर्वांत शेवटी घातला होता, पाचव्या दिवशी, जेव्हा तो एक कोपरा काही केल्या मिटत नव्हता. मी खोडलेल्या घरात १ पुन्हा लिहिला.